वाडीपासून पट्ट्यापर्यंतची वाट : चार पानांचा एक कागद कसा झाला

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या बोलण्याचा हा मजकूर. ज्या चित्र-कागदाबद्दल बोलणं झालं, तो या अंकासोबत वेगळा जोडला आहे. वाचताना तो पुढ्यात ठेवावा.)



मी काही मोठी बोलणारी नाही. बारावीपर्यंत शिकले, आणि घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिली. त्यामुळं वाडीतला कुठलाही कागद आधी माझ्याकडं येतो. तसाच एक कागद आला, त्याची गोष्ट आधी सांगते.

गेल्या पावसाळ्यात एका वाडीवर गेले होते. तिथल्या एका आजीनं छपराच्या वाशाला अडकवलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडी केलेला कागद. म्हणाली, "पोरी, माझा पट्टा आला बघ." कागद जपून ठेवलेला. खाली सही, जावक क्रमांक, आणि निळा गोल शिक्का. मी वाचला. वर लिहिलं होतं, पुराव्याअभावी दावा अमान्य करण्याची शिफारस करण्यात येत आहे. आजीला पट्टा मिळालाच नव्हता. कागद येऊन पाच महिने झालेले. जिल्हा समितीकडं दाद मागायची मुदत साठ दिवसांची. कारण पटलं तर आणखी तीस दिवस वाढवून मिळू शकतात. तेही उलटून गेलेले.

आजीला फसवलं कशानं? कागदाच्या रूपानं. शिक्का आहे, सही आहे, म्हणजे काम झालं, असं तिला वाटलं. तिच्या जागी मी असते आणि वाचता येत नसतं, तर मलाही तेच वाटलं असतं.

आणि लाज वाटायची गोष्ट पुढं आहे. त्या वाडीत आपण वर्षभर आधी पत्रक वाटलं होतं. चार पानं, बारीक टाईप, २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याचे नियम, सगळं अगदी बरोबर लिहिलेलं. साठ दिवसांची मुदतही त्यात होती, तिसऱ्या पानावर, सातव्या ओळीत. आजीच्या घरात ते पत्रक होतं. डब्याखाली अंथरलेलं.

म्हणून आम्ही ठरवलं की दाव्याची वाट एका कागदावर चित्रात काढायची. आज त्याचंच सांगणार आहे. चित्र काढणं सोपं असतं असं आम्हाला वाटलं होतं. तसं नसतं.

आधी वाट नीट मोजली. दावा वाडीतून निघून पट्टा होईपर्यंत कुठं कुठं थांबतो? सात ठिकाणी. पहिलं, ग्रामसभा बसते आणि वनहक्क समिती निवडते, दहा ते पंधरा जणांची. दुसरं, आपण समितीला अर्ज आणि कमीत कमी दोन पुरावे देतो आणि पोच घेतो. तिसरं, जागेची पाहणी. चौथं, परत ग्रामसभा आणि ठराव. पाचवं, प्रांतांची उपविभागीय समिती. सहावं, कलेक्टरांची जिल्हा समिती. सातवं, पट्टा. बाकी कायद्यात पुष्कळ आहे, पण वाट एवढीच.

पहिलं चित्र मी काढलं ते कचेरीत भिंतीवर असतं तसं. चौकटी, मधे बाण, सगळ्यात वर कलेक्टर, खाली प्रांत, आणि तळाला ग्रामसभा. जिथं हो किंवा नाही ठरतं तिथं शंकरपाळ्यासारखी चौकट, कॉम्प्युटरच्या पुस्तकात दाखवतात तशी. वाडीत नेलं. एका काकांनी बोट ठेवलं कलेक्टरवर आणि म्हणाले, "सुरुवात इथनं. साहेब खाली पाठवतो." त्यांचं काय चुकलं? जे वर असतं ते मोठं, आणि हुकूम वरून खाली येतो, हेच जन्मभर बघितलेलं. कायदा म्हणतो की सुरुवात ग्रामसभा करते, आणि माझं चित्र बरोबर उलटं सांगत होतं. शंकरपाळ्याला तर एक बाई खरंच शंकरपाळं म्हणाली.

मग वाटलं, आपली माणसं वाट कशी ओळखतात ते बघू. आपल्या वाड्या डोंगरावर. महाबळेश्वरकडचे आपण वाईला उतरतो, तिथून साताऱ्याला. शिराळ्याच्या चांदोलीकडचे आपण वारणेच्या कडेनं उतरून इस्लामपूरला जातो, तिथून सांगलीला. मग चित्रात वाडी सगळ्यात वर काढली. तिथून पायवाट खाली उतरते, प्रांत कचेरीपाशी येते, आणखी उतरून जिल्ह्याला जाते, आणि पट्टा घेऊन दुसऱ्या बाजूनं परत वाडीवर चढते. बाण काढून टाकले. त्यांच्या जागी चालणारी माणसं काढली, हातात कागद घेतलेली. तोंड कुणीकडं आहे त्यावरून कागद कुठं चाललाय ते कळतं. हो-नाहीच्या शंकरपाळ्याच्या जागी फाटा काढला. फाटा कुणाला शिकवावा लागत नाही.

आता एकेका खुणेचं सांगते, कारण घोळ तिथंच झाले.

पट्ट्यासाठी मी आधी गोल शिक्का काढला होता. आजी आठवली आणि खोडला. शिक्का पट्ट्यावर असतो, अमान्य कागदावर असतो, नोटिशीवरही असतो. तो कशाचीच खूण नाही. मग पट्ट्यावर असं काय असतं जे दुसऱ्या कशावर नसतं? लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो, तसं कायद्यातच आहे. आणि त्यावर तीन सह्या असतात : वनखात्याच्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याची, आदिवासी विभागाच्या अधिकाऱ्याची आणि कलेक्टरांची. म्हणून चित्रात एक वावर, वावरात जोडीनं उभी दोन माणसं, आणि खाली सहीचे तीन फराटे. आता वाचता न येणारी बाईही आपला कागद या चित्राशेजारी धरून फराटे मोजू शकते. एकच सही असेल तर तो पट्टा नव्हे. लगेच कुणाकडून तरी वाचून घ्यायचा.

पुराव्यासाठी दोन खुणा ठेवल्या. काठी टेकलेला म्हातारा, आणि दगडाची ताल. म्हातारा म्हणजे वाडीतल्या जुन्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, पण तो माणूस स्वतः दावेदार नसावा. ताल म्हणजे जमिनीवरचं काम : बांध, सपाटी, झोपडं. नियमांत पुरावे पुष्कळ आहेत, रेशनकार्डापासून सरकारी नोंदीपर्यंत. पण आम्ही हे दोनच काढले, कारण आपल्याकडं सगळ्यांत जास्त हेच असतात आणि लोक नेमके हेच पुरावे म्हणून धरत नाहीत. पुरावा म्हटलं की कागदच, असं वाटतं.

ग्रामसभेच्या चित्रात झाडाखाली गोल बसलेली सहा माणसं काढली होती, त्यात दोन डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया हव्यात, म्हणून सहात दोन. मला फार हुशारी वाटली. वाडीत एकानं विचारलं, "मग सहाच जण बसलं तरी चालतं का?" नाही चालत. एकूण सभासदांपैकी निम्मे तरी हजर लागतात, आणि दाव्यांवर ठराव करायचा असेल तर दावेदारांपैकीही निम्मे, ते किंवा त्यांची माणसं. कोरम नसलेला ठराव प्रांतांकडं टिकत नाही. मग सहा जणांचा घोळका वाढवून मोजता येणार नाही एवढा केला, आणि शेजारी शब्दच लिहिले : निम्मी वाडी, तिसरा हिस्सा बाया. आम्ही हे शिकलो की किती हे चित्रात सांगायला गेलं की माणसं चित्रातली डोकी मोजतात.

साठ दिवसांचं तर तीनदा बदललं. आधी ६० हा आकडा. आकडा ओळखणारे ओळखतात, पण घरात कॅलेंडर नसेल तर साठ दिवस मोजायचे कसे? मग मी दोन पुनवेचे चंद्र काढले. दोन पुनवा म्हणजे एकोणसाठ दिवस, हिशेब बरोबर. लोकांना विचारलं तर म्हणाले, रात्री जायचं. कुणी म्हणालं, पुनवेला सभा. शिवाय अमान्य कागद पावसाळ्यात आला तर चंद्र दिसतोय कुठं! शेवटी एक ताई म्हणाली, "आम्ही बाजार मोजतो." झालं. आठ टोपल्या काढल्या. कागद हातात पडल्यावर जो पहिला आठवडे बाजार येईल तो एक. असे आठ बाजार मोजले की जास्तीत जास्त छप्पन्न दिवस होतात. म्हणजे मुदत कागद हातात पडल्यापासून धरली, तर आठव्या बाजारापर्यंत दिलेला अर्ज मुदतीतच बसतो, चार दिवस हातात राखून. प्रत्येक बाजाराला एका टोपलीवर कोळशानं रेघ मारायची.

या टोपल्या आम्ही दोन ठिकाणी ठेवल्या आहेत. ग्रामसभेनंच दावा नाकारला तर तिथून प्रांतांच्या समितीकडं जायला आठ टोपल्या. प्रांतांच्या समितीनं नाकारायची शिफारस केली तर जिल्हा समितीकडं जायला आठ टोपल्या. जिल्हा समितीच्या पुढं टोपल्या नाहीत, कारण या वाटेवर तिचा निर्णय शेवटचा असतो. म्हणून प्रांतांचा फाटा सगळ्यात मोठा काढला आहे. तिथून तीन वाटा फुटतात. एक पुढं जिल्ह्याकडं. एक टोपल्यांकडं. आणि एक वर, परत ग्रामसभेकडं.

ही तिसरी वाट लोकांना माहीतच नसते. २०१२ साली नियम सुधारले, त्यात असं आलं की ठराव अपुरा असेल किंवा आणखी तपासणी हवी असेल, तर समितीनं दावा नाकारायचा नाही, ग्रामसभेकडं फेरविचाराला परत पाठवायचा. नाकारायचाच असेल तर सविस्तर कारणं द्यायची, आणि ते दावेदाराला स्वतःला कळवायचं. म्हणून परत येणाऱ्या वाटेवरचा माणूस आम्ही मान खाली घातलेला काढला नाही. तो सरळ चालतोय, हातात कागद आहे. आधी मान खाली होती, तर लोक म्हणायचे, "हा हरला." परत आलेला दावा हरलेला नसतो.

आता चित्रात काय काढलं नाही ते सांगते. गार्ड या वाटेवर एकदाच दिसतो, तिसऱ्या थांब्यावर, पाहणीच्या वेळी. समितीची माणसं तालीवरून चालतायत, त्यांच्यामागं टोपीवाला गार्ड आणि दप्तर घेतलेला तलाठी. खात्याला कळवायचं, त्यांनी यायचं, आणि पंचनाम्यावर सही करून काय म्हणणं असेल ते तिथंच लिहायचं, असा नियम आहे. पण तिथं फाटा नाही. दावा घ्यायचा की नाकारायचा हे गार्ड, तलाठी, सरपंच यांतला कुणीही एकटा ठरवू शकत नाही. लोक विचारतात, "गार्डाचं घर कुठाय चित्रात? आमचा अर्ज त्यानंच ठेवून घेतलाय." मग सांगायला बरं पडतं : चित्रात जिथं घर नाही, तिथं अर्ज द्यायचा नाही.

काही जण विचारतात, आपल्या म्हाताऱ्या माणसांना चित्रं समजतात का? समजतात. १९५१-५२ ची पहिली निवडणूक आठवा. तेव्हा देशात बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून दर उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर निशाणी चिकटवली. आपले आजे-पणजे निशाणी बघून मत टाकून आले. पण निशाणी चालली कारण ती ओळखीची होती आणि गावोगाव सांगितली गेली. न सांगता खूण काय करते तेही बघा. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहरी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे पिकाला चांगलं, असं कितीतरी जण समजतात. तो हिरवाही विषच आहे, फक्त कमी. तेव्हा चित्र दिलं आणि काम झालं असं नाही.

म्हणून प्रत्येक चित्र दाखवून तपासायचं. कसं? "समजलं का?" असं विचारायचं नाही. सगळे हो म्हणतात, आपलं मन राखायला. विचारायचं असं : "हा कागद तुमच्या हातात आहे. तुम्ही आत्ता इथं उभे. आता कुठं जाल?" आणि गप्प बसायचं. बोट कुठं जातं ते बघायचं. आम्ही तीन वाड्यांत असं नऊ जणांना विचारलं, त्यात पाच बाया, आणि शाळेत गेलेलं कुणीच नाही. दोनपेक्षा जास्त जणांचं बोट चुकलं तर ते चित्र बदलायचं, असं ठरवलं होतं. चंद्र असा गेला, शंकरपाळं असं गेलं. बरोबरची खूण आणि फुलीही अशीच गेली. ती शाळेची खूण आहे. शाळेत न गेलेल्याला फुली म्हणजे नुसत्या दोन रेघा.

छपाईचंही दोन शब्दांत सांगते, कारण पुढचे कागद तुम्ही काढणार. आपण स्टेन्सिलवर काढतो. लोखंडी लेखणीनं मेणकागदावर कोरायचं. त्यात काळं भरता येत नाही, भरायला गेलं की स्टेन्सिल फाटतं आणि शाईचा डाग येतो. लहान गोल पुरा बंद केला तर मधला तुकडा गळून पडतो. म्हणून माणसांची डोकी थोडी उघडी ठेवली आहेत, नीट बघा. सगळं एकेरी रेघेत. यानं एक फायदाच झाला. बारीकसारीक काढता येत नाही, म्हणून जे नको ते आपोआप गळलं.

आणि चित्राला काय जमत नाही? दावा का नाकारला ते कारण चित्र वाचू शकत नाही. ते कुणीतरी वाचूनच सांगायला लागतं. म्हणून सगळा मजकूर काढून टाकलेला नाही. पुढच्या बाजूला थोडेच शब्द, तेही कचेरीच्या पाटीवर असतात तसेच्या तसे, म्हणजे पोरगं पाटीशी जुळवू शकेल. प्रांत कचेरीच्या चित्राखाली मोकळी जागा आहे, तिथं आपापल्या प्रांताचं गाव लिहायचं. मागच्या बाजूला कायद्यातल्या आणि नियमांतल्या चार गोष्टी लिहिल्या आहेत. एक, नाकारताना कारणं द्यावी लागतात. दोन, एकाच ठराविक कागदाचा आग्रह धरता येत नाही. तीन, नुसत्या तांत्रिक चुकीवर नाकारता येत नाही. चार, पडताळणी पुरी होईपर्यंत ताब्यातल्या जमिनीवरून काढता येत नाही. हे साहेबाला दाखवायचं असतं, म्हणून ते अक्षरातच हवं. आणि आपले गवळी धनगर भाऊ, ज्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करायचा आहे, त्यांना तीन पिढ्यांचं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं राहणं दाखवायला लागतं. तेही याच कागदात घालायला आजा, बाप, लेक अशी तीन माणसं काढली होती. लोक म्हणाले, तिघांनी मिळून यायचं. तर त्यांच्यासाठी वेगळा कागद करायचा आहे. एका कागदात दोन वाटा कोंबल्या की दोन्ही चुकतात.

शेवटी आजीकडं जाते. कागद तयार झाल्यावर पहिला तिच्याकडंच नेला. तिनं आपला पिशवीतला कागद शेजारी ठेवला. फराटे मोजले, एकच. नवऱ्याचं नाव कुठाय विचारलं, नव्हतंच. मग तिचं बोट प्रांतांच्या फाट्यावर गेलं आणि टोपल्यांवर थांबलं. म्हणाली, "माझे बाजार सरले की गं." मी हो म्हणाले. खोटं कशाला सांगू?

पण तिनंच पुढं सांगितलं की तो कागद तिला कुणी दिलाच नव्हता. बाजाराला गेलेल्या शेजारच्या पोराच्या हाती कुणीतरी दिला होता. आणि पुराव्यात म्हाताऱ्याचा जबाब कुणी घेतलाच नव्हता. आता ग्रामसभेनं ठराव केला आहे की निर्णय दावेदाराला स्वतःला कळवलेला नाही, कारणं सविस्तर नाहीत, आणि जबाब व तालीचा पंचनामा जोडून दावा फेरविचाराला घ्यावा. तो अर्ज प्रांत कचेरीत दिला आहे, पोच आहे. उत्तर आलेलं नाही. आजी दर बाजाराला टोपलीवर रेघ मारते.

तुमच्याकडं माझं मागणं एवढंच. हा कागद वाडीत नेऊन नुसता वाटू नका. ज्यांचे दावे आहेत त्यांना घरातले शिक्क्याचे सगळे कागद आणायला सांगा, आणि एकेक कागद या वाटेवर कुठं बसतो ते त्यांनाच ठेवायला लावा. टोपल्यांवर ज्यांचा कागद बसेल, त्यांची नावं आणि कागद मिळाल्याची तारीख पुढच्या बैठकीला घेऊन या. आणि जिथं बोट चुकेल तेही लिहून आणा. ते चित्र आपण बदलू.

जिंदाबाद.